जिन्याचा काटा

आमचं घर बांधलं तेव्हा वडिलांचे पैसे स्लॅबपर्यंत पुरले. जिना पुढच्या साली करू, असं ठरलं. पुढच्या साली कापसाला भाव आला नाही, त्याच्या पुढच्या साली बहिणीचं लग्न निघालं आणि मग जिना हा विषय घरात दिवाळीच्या रंगासारखा झाला, दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी मिटायचा. मधल्या काळात गच्चीवर जायला लाकडी शिडी होती. परभणीचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको की मे महिन्यात गच्ची ही चैन नसते, ती झोपायची खोली असते. गाद्या, उशा, पाण्याची घागर, आजारी माणूस, एकदा तर जावईबापू, हे सगळं त्या शिडीवरून वर गेलं. जावईबापू वर गेले ते सकाळपर्यंत उतरलेच नाहीत.

मी निवृत्त झालो आणि आईनं विषय काढला. "आता पैसेबी हायेत आन् तुला कामबी न्हाई. जिना कर." पुढं अट घातली, "परात दोन्ही हातांत धरून चढता आलं पाहिजे. खारोड्या वाळू घालायच्या असतेत."

सिमेंटचा जिना करायला घराच्या बाजूला जागा नव्हती. भिंत आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यामधे जेमतेम चार फुटांची बोळ. तेव्हा लोखंडी जिना करायचा ठरलं. दोन्ही बाजूंना चॅनल, मधे चेकर प्लेटच्या पायऱ्या. एस. टी. स्टँडवरच्या पादचारी पुलाला किंवा जिनिंगच्या शेडला असतो तसला.

आमच्याकडे फॅब्रिकेशनचं काम करणारे एक चाचा आहेत. गावातली निम्मी गेटं आणि जवळपास सगळी खिडक्यांची ग्रिलं त्यांच्या हातची. ते आले, बोळ पाहिली, गच्चीकडे मान वर करून पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पाच क्विंटल."

मी म्हटलं, "काय पाच क्विंटल?"

"जिना. कठडा सोडून."

लोखंडी काम किलोवर असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. दरवाजा नगावर, रंग चौरस फुटावर, फरशी ब्रासवर हे समजू शकतं. पण जिना वजनावर घ्यायचा म्हणजे भाजी मंडईत गेल्यासारखं वाटलं. किलोचा भाव ठरला, लोखंड, मजुरी, रंग सगळं धरून. आता भाव ठरला की उरतं ते वजन आणि वजन चाचांनी मान वर करून काढलेलं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं असलं तरी गुणाकार मला येतो. म्हटलं, आपण काढू.

रात्री वही घेऊन बसलो. जमिनीपासून गच्चीची उंची १० फुटांच्या किंचित वर, मीटरमधे ३.०६. एका चढाला १७० मिलिमीटर धरले तर बरोबर १८ चढ. चढ १८, पण पायऱ्या १७, कारण अठरावी पायरी म्हणजे गच्चीच. हे कळायला मला तीन आकृत्या लागल्या, पण कळलं. पाय ठेवायला २५० मिलिमीटर, म्हणजे १७ पायऱ्यांना जमिनीवर सव्वाचार मीटर, १४ फूट. रुंदी ९०० मिलिमीटर, परातीसाठी.

दुकानातून आणलेल्या मळक्या तक्त्यात १५० मिलिमीटरच्या चॅनलचं वजन मीटरला १६.८ किलो दिलं होतं. दुसऱ्या दुकानातल्या तक्त्यात १६.४ होतं. मी दोन्ही दुकानदारांवर संशय घेतला. नंतर समजलं की एक तक्ता जुन्या भारतीय मानकाचा आणि एक नव्याचा, दोघंही खरे. आपल्या कामात त्यानं साडेचार किलोचाही फरक पडत नव्हता. तर १४ फुटांचे दोन चॅनल, १४३ किलो. पायऱ्यांचा हिशेब त्याहून सोपा वाटला. पोलादाची एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीची पाटी ७.८५ किलो भरते, हे एकदा लक्षात ठेवलं की झालं. ६ मिलिमीटरला ४७.१. पायरी २५० बाय ९००, म्हणजे १०.६ किलो. १७ पायऱ्या, १८० किलो. एकूण ३२३.

सव्वातीन क्विंटल. आणि चाचा म्हणतात पाच! पावणेदोन क्विंटल लोखंड हवेतच! त्या रात्री मला फार छान झोप लागली. फसवणूक वेळेत उघडकीला आणण्यासारखं सुख निवृत्त माणसाच्या वाट्याला दुसरं नाही.

सकाळी वही घेऊन चाचांच्या शेडवर गेलो. ते एका गेटाला टाके मारत होते. त्यांनी काच वर केली, वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे चौदा फूट काय आहे सर?"

"जिन्याची लांबी."

"जिना झोपवणार आहे का?"

मग त्यांनी खिशातून एक मळकी दोरी काढली आणि पोराला म्हणाले, सरांच्या घरी जा. पोरानं दोरीचं एक टोक गच्चीच्या कडेला धरलं, दुसरं मी जमिनीवर १४ फुटांवर धरलं. दोरी ताणून मोजली. १७ फूट आणि वर दोन-अडीच इंच. खाली पट्टीवर टेकवायला आणि वर स्लॅबला भिडवायला चॅनल तिरका कापावा लागतो, त्याची वाढ धरून प्रत्येक बाजूला साडेपाच मीटर, १८ फूट.

मला शाळेतला पायथागोरस आठवला. दहाचा वर्ग शंभर, चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, बेरजेचं वर्गमूळ १७.२. गणिताच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहत होतो, पण यात माझ्या बाजूचाही एक मुद्दा आहे. हेच प्रमेय आपल्याकडे बौधायनानं यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी सांगितलं आणि त्या ग्रंथांचं नाव शुल्बसूत्रं. शुल्ब म्हणजे दोरी. म्हणजे मुळात हा विषय दोरीचाच, भाषेच्या शिक्षकानं तरी तो ओळखायला हवा होता. चाचांनी दोरी परत खिशात घातली. तिच्यावर तेलाचे, ग्रीसचे आणि मला वाटतं गुटख्याचेही डाग होते.

दोरीपेक्षाही गमतीची गोष्ट चाचांनी नंतर सांगितली. एका पायरीला १७० उंची आणि २५० लांबी घेतली की पायरीमागं तिरकी लांबी ३०२ मिलिमीटर येते, म्हणजे जवळजवळ एक फूट. म्हणून अशा चढाचा जिना असला की चढ मोजायचे, तेवढे फूट चॅनल. १८ चढ, १८ फूट. मान वर करून त्यांनी जे केलं होतं ते एवढंच. आमच्या गच्चीच्या उंचीत अठरा चढ बसतात, हे डोळ्यानं मोजलं होतं. बाकी त्यांना पाठ होतं. तीन फुटी रुंदीच्या पायरीला चॅनलसकट साडेसत्तावीस किलो. अठरा गुणिले साडेसत्तावीस, ४९५. पाच क्विंटल.

हे साडेसत्तावीस कुठून आले ते मला पाहायचं होतं. पायरीमागं दोन बाजूंचा एकेक फूट चॅनल म्हणजे १० किलोच्या वर थोडं. मग पायरी १७ किलोची झाली. माझ्या वहीत ती १०.६ होती.

चाचांनी शेडच्या कोपऱ्यातून एक तयार पायरी ओढून आणली. चेकर प्लेट म्हणजे ज्या पत्र्यावर जिऱ्यासारख्या, फुगलेल्या भाताच्या शितासारख्या उंचवट्यांची नक्षी असते तो पत्रा, पाय घसरू नये म्हणून. त्या नक्षीला वजन असतं हे मला सुचलंच नव्हतं. जाडी ६ मिलिमीटर म्हणतात ती नक्षी सोडून, आणि वजन मात्र नक्षीसकट भरतं. म्हणून चौरस मीटरला ४७ नाही, ५० च्या आसपास धरतात.

पण खरा फरक कडांचा होता. नुसता सपाट पत्रा नऊशे मिलिमीटर मोकळा ठेवला आणि मधे पाय दिला तर तो लचकतो, आवाज करतो आणि वर्षभरात मधे खोलगट होतो. म्हणून पायरीची पुढची कड ४० मिलिमीटर खाली वाकवतात, मागची ४० वर. शिवाय वरच्या पायरीचं नाक खालच्या पायरीवर २० मिलिमीटर पुढं यायला हवं. म्हणजे पाय ठेवायला २५० मिळावेत म्हणून पत्रा कापायचा ३५०. ०.३५ गुणिले ०.९ गुणिले ५०, पावणेसोळा किलो. त्याखाली पायरीला आधार द्यायला ५० च्या अँगलचे दोन टोकांना दोन छोटे तुकडे, सव्वा किलोच्या थोडे वर. झाले की सतरा.

वाकवायच्या कडांवर मी अडून बसलो. १७ पायऱ्यांचे ते वाढीव काठ, नाक आणि नक्षी मिळून ८८ किलो होत होते. मी विचारलं, "कड वर कशाला? दोन्ही खाली वाकवा." चाचांनी चॅनल आडवा ठेवला, त्यावर पायरी तिरकी धरली. उतार चौतीस अंशांचा. त्या तिरकेपणात २७० मिलिमीटरची पायरी जवळजवळ दीडशे मिलिमीटर जागा खाते आणि चॅनलची उंचीही दीडशेच. पुढची कड खाली, मागची वर, म्हणजे पायरी चॅनलच्या आत बसते. मागची कडही खाली वाकवली तर ती चॅनलच्या खालून तीन-साडेतीन सेंटिमीटर लोंबते. मग खालून चालणाऱ्याचं डोकं आणि ती कड यांची कधीतरी भेट होणारच. खालीच वाकवायची तर दोनशेचा चॅनल घ्या, म्हणाले, मीटरला २२.३ किलो. साठ किलो वाढले.

मी कड वर ठेवायला कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी एका मित्रानं सल्ला दिला की शंभरचा चॅनल घे, पुरे होतो, मीटरला साडेनऊ किलो. हे मित्र दरवेळी दुसऱ्याच्या घरात स्वस्त सल्ले देतात. चाचांना विचारलं. ते म्हणाले, "तुटनार नाही. पन झुलंल." मग खरंच एका ओळखीच्या इंजिनियर मुलाकडून तपासून घेतलं. दीडशेच्या चॅनलमधे सगळ्या पायऱ्यांवर भरपूर माणसं उभी राहिली तर मधे सेंटिमीटरभर वाकेल. शंभरच्या चॅनलमधे चार सेंटिमीटर. तुटण्याची भीती दोन्हीकडे नाही, पण आई परात घेऊन वर जाताना जिना झोपाळ्यासारखा हलला तर ती त्या इंजिनियरला नाही, मला बोलणार. लोखंडी जिन्यात बहुतेक वेळा चॅनल ताकदीसाठी नव्हे, हलू नये म्हणून जाड घ्यावा लागतो. आपण पैसे स्थैर्याचे देतो, ताकद फुकट येते.

रुंदीचं गणित मात्र मला स्वतःला सुटलं आणि मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. लांबी वाढली की सगळंच वाढतं, चॅनल वाढतो, पायऱ्या वाढतात, त्यांचे अँगल वाढतात. रुंदी वाढली की फक्त पायरीचा पत्रा वाढतो, चॅनल दोनच राहतात. सहा इंच रुंदी वाढवली तर पायरीमागं अडीच किलोच्या थोडं वर, एकूण ४५ किलो. आई म्हणाली, मग वाढव. मी म्हटलं, बोळ चार फुटांची आहे. "मंग बोळ वाढव," म्हणाली. शेजारी ऐकत होते.

उलट दिशेनं मात्र एक मोह होता. बाजारात चेकर प्लेट चार बाय आठ फुटी मिळते. तीतून ९०० बाय ३५० च्या पायऱ्या कापायच्या म्हटल्या तर सगळं उलटसुलट करून सात निघतात. सतरा पायऱ्यांना तिसरी प्लेट आणावी लागते, तिच्यातल्या तीनच पायऱ्या लागतात. पायरी ९०० ऐवजी ८०० केली तर आठ फुटांत बरोब्बर तीन ओळी बसतात, प्रत्येक ओळीत तीन, एका प्लेटमधून नऊ. दोन प्लेटमधून अठरा. म्हणजे जिन्याचं वजन जेमतेम ३० किलोनं घटतं, पण खरेदीची दीडशे किलोची एक अख्खी प्लेट वाचते. चाचांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यात जी चमक होती ती मी फक्त मुलींच्या वडिलांच्या डोळ्यात, आहेर न देता लग्न झालं की, पाहिली आहे. आम्ही बसलेल्या जिन्याच्या वजनावर पैसे देणार होतो, त्यामुळे तुकड्यांचा तोटा त्यांचा होता, म्हणून ते एवढ्या कळकळीनं सांगत होते. हे आधी बोलून घ्यावं लागतं. काही ठिकाणी आणलेल्या मालावर पैसे घेतात आणि तुकडेही ठेवून घेतात.

मी ८०० वर येत होतो. आईनं घरातली मोठी परात आणली, कंबरेला लावली आणि म्हणाली, "ह्याच्यातून जा." मग परातीच्या दोन्ही बाजूंना कोपरं असतात हे माझ्या लक्षात आलं. नऊशेच राहिले. उरलेल्या तुकड्यांतला एक आईनं रांजणाखाली घालायला मागून घेतला आणि चाचांनी निमूटपणे दिला.

हिशेब बसला. चॅनल १८५, पायऱ्या २६८, अँगलचे तुकडे २३, खाली-वर टेकवायच्या चार जाड पट्ट्या साडेबारा किलो. ४८८ झाले. टाके, बोल्ट, नट यांचे सात-आठ किलो. ४९५. मान वर करून काढलेला आकडा वहीनं एका आठवड्यानंतर मान्य केला.

आता एकच भीती उरली होती. पत्रा ६ सांगून ५ चा लावला तर? किलोवर काम असलं की यात चाचांचा फायदा नाही, उलट तोटा. पण दुकानदारानं त्यांना दिला तर? वजनावर काम दिलं की कारागीर उदार होतो, ठोक रकमेवर दिलं की पत्रा पातळ होतो, हे मला त्या महिन्यात कळलं. तरी तपासावं म्हटलं. मी कॅलिपर आणला, कडेला लावला, साडेसहाच्या वर आकडा आला आणि खूश झालो. चाचा हसले. कॅलिपर नक्षीच्या उंचवट्यावर बसला होता. नक्षीवर मोजलं तर ५ चा पत्राही ६ दिसतो. दोन उंचवट्यांमधल्या सपाट जागी मोजायला हवं, आणि तिथं कॅलिपरची चोच नीट जात नाही. मग त्यांनी एक पायरी शेजारच्या धान्याच्या दुकानात नेली आणि काट्यावर ठेवली. १५ किलो ७००. पाचचा पत्रा असता तर १३ च्या आसपास भरली असती. लोखंडाचा खरेखोटेपणा वाण्याच्या तराजूवर ठरावा, हे मला फार आवडलं. एक पायरी तोलली की सतराही कळतात, कारण सगळ्या एकाच प्लेटमधल्या असतात. निदान तीन प्लेटमधल्या.

शेवटी माल काट्यावर न्यायचा दिवस आला. १८ फुटी चॅनल लहान टेम्पोत मावत नाहीत, म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. चॅनलची टोकं मागं बाहेर, त्यांना लाल फडकं. चॅनलला अँगल, पट्ट्या जोडलेल्या, पायऱ्या सुट्या, बोल्ट पिशवीत. कठडा नंतर, जागेवर मापं घेऊन. आमच्या गावात काटा म्हणजे कापसाचा आणि सोयाबीनचा काटा. मोसमात तिथं शंभर ट्रॉल्या उभ्या असतात. त्या दिवशी एकटा जिना होता. काटेवाल्यानं विचारलं, "काय माल?" मी म्हटलं, "जिना." त्यानं वहीत 'इतर' लिहिलं.

रिकामी ट्रॉली आधीच सकाळी तोलली होती. ३,६२० किलो. भरलेली तोलली. ४,१८०.

५६० किलो.

माझ्या वहीत ४९५. पासष्ट किलो जास्त! मी ट्रॅक्टरवरून ओरडलो. मला वाटतं, त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर चौकशी समितीच्या अध्यक्षाचा भाव असावा. मी वही उघडली, चॅनलची ओळ वाचली, पायरीची ओळ वाचली, नक्षीसकट वाचली, आणि म्हटलं, "चाचा, पासष्ट किलो कुठून आले?"

चाचांनी पावती पाहिली. मग मला पाहिलं. मग परत पावती पाहिली.

"सर, सकाळी रिकामी ट्रॉली तोलली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"समोर. चहाला."

"आन् आता कुठं बसलाय?"

मी खाली पाहिलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो. माल नीट जातो का ते पाहायला म्हणून मी शेडपासूनच बसून आलो होतो. ड्रायव्हर दोन्ही वेळा जागेवरच होता. काटेवाला खुर्चीवरून पडायच्या बेतात आला. तिथंच धान्याच्या पोत्यांचा छोटा काटा होता, त्यावर मला उभं केलं. आजूबाजूला दोन हमाल आणि एक शेतकरी जमले होते. ६७ किलो. ५६० मधून ६७ गेले, ४९३.

दोन किलोचा फरक म्हणजे माझं गणित अगदी अचूक, असा दावा मी करत नाही. तो मोठा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो, आठ-दहा किलो इकडंतिकडं होऊ शकतात. जिन्यासारखं थोडं वजन एवढ्या मोठ्या काट्यावर तोलायचंच असेल तर दोन्ही वेळा तीच माणसं बसलेली किंवा उतरलेली हवीत. डिझेल कितपत भरलंय तेही पाहावं. हे सगळं मला आता माहीत आहे. हमालांना तेव्हाही माहीत होतं.

जिना उभा राहिला. वरच्या टोकाला चाचांनी बोल्टची भोकं लांबट ठेवली, कारण साडेपाच मीटर लोखंड उन्हाळ्यात दोन-अडीच मिलिमीटर वाढतं आणि त्याला जागा दिली नाही तर ते भिंतीला ढकलतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या जिन्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, इतका तापतो. आई म्हणते, ज्या जिन्यावर खारोड्या वाळतात त्यानं तापावं. ती आता पायरीवरच सूप ठेवते.

आमच्याकडे लोक म्हणतात, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. त्याचा अर्थ मला कधीच लागला नाही, पण आमचा जिना पाहायला येणारे पाहुणे तो जिन्याला लावतात. मी त्यांना रुंदी, लांबी, दोरी, नक्षी सगळं सांगतो. ते ऐकून घेतात, कारण वर गच्चीवर चहा असतो.

पुढच्या आठवड्यात कठडा आला. वरचा नळ, त्याखाली दोन बारीक नळ, सहा खांब, भिंतीच्या उलट बाजूला फक्त. चाचांनी तो वेगळा तोलून आणला आणि पावती माझ्या हातात दिली. कठडा भरला ६७ किलो. म्हणजे पुरा जिना ५६०, पहिल्या पावतीवर होता तेवढाच. ती पावती मी फाडली होती, दोन तुकडे टेबलाच्या खणात सापडले. चिकटवून ठेवली आहे.